२.९८ की ३.१२? माझ्या पिवळ्या पावडरचा बँड गॅप

मागच्या हिवाळ्यात माझ्या ड्रॉवरमध्ये दोन छोट्या काचेच्या बाटल्या होत्या, एकीत पांढरीशुभ्र टिटॅनिया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि दुसरीत तीच पण एक मोल टक्का लोखंड घातलेली, जिचा रंग डाळीच्या पिठापेक्षा थोडा फिकट. एमएस्सी पार्ट टू चा प्रोजेक्ट, नाशिकच्या थंडीत सकाळी सकाळी गंगापूर रोडवरून स्कूटीवर यायचं म्हणजे बोटं गार पडलेली असायची आणि पहिली पंधरा मिनिटं पिपेट धरता यायचा नाही. दोन्ही पावडरी सोल-जेलने केलेल्या, आयसोप्रॉपॉक्साइड वापरून, लोखंडासाठी फेरिक नायट्रेट, मग वाळवून मफल फर्नेसमध्ये ४५० डिग्रीला तीन तास. इथपर्यंत काही विशेष नाही, हे सगळे करतात. मॅडमनी विचारलं, "बँड गॅप किती आला?" म्हणजे पावडरमधल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला कमीत कमी किती ऊर्जा लागते, आणि तिथून पुढचे तीन आठवडे या एका आकड्यात गेले.

आधी हे सांगते की पावडरचा बँड गॅप काढायला सरळ प्रकाश आरपार पाठवता येत नाही. द्रावण असतं तर क्युवेटमध्ये टाकून ॲब्सॉर्बन्स मोजला असता, काम संपलं. पावडरमध्ये प्रकाश शिरतो, कणाकणांवर आपटत फिरतो, थोडा शोषला जातो आणि उरलेला सगळ्या दिशांना परत बाहेर येतो. तो सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करायला इंटिग्रेटिंग स्फिअर लागतं, आतून पांढरा असा पोकळ गोळा. आमच्या कॉलेजात यूव्ही-व्हिज मशीन आहे पण स्फिअर नाही, म्हणून गावातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात सॅम्पल घेऊन जावं लागलं, तिथल्या लॅब असिस्टंट काकांची वेळ मिळवायलाच चार दिवस.

मशीनवर गेल्यावर आधी बेरियम सल्फेटची पांढरी टिकली लावून शंभर टक्के रेफ्लेक्टन्सची बेसलाइन घेतात, म्हणजे "हा पांढरा, बाकी सगळं याच्या तुलनेत." मग आपली पावडर होल्डरमध्ये भरायची. होल्डर म्हणजे एक उथळ वाटी, पावडर भरून काचेच्या स्लाइडने दाबून पृष्ठभाग सपाट करायचा. दोन-तीन मिलिमीटर तरी जाडी पाहिजे, नाहीतर प्रकाश मागच्या वाटीपर्यंत पोचतो आणि आपण पावडरऐवजी वाटी मोजतो. हा होल्डर मशीनमध्ये उभा बसतो. मी पहिल्या खेपेला नीट दाबलंच नव्हतं, होल्डर उभा केला आणि पावडरचा एक पापुद्रा सुटून खाली घसरला. नशीब की तो स्फिअरच्या तोंडाशी न जाता ट्रेमध्ये पडला. काका काही बोलले नाहीत, फक्त ब्लोअर आणून समोर ठेवला आणि स्वतः साफ केलं, ते शिव्या घालण्यापेक्षा वाईट होतं. स्फिअरच्या आत पिवळी पावडर चिकटली असती तर पुढच्या प्रत्येकाच्या डेटात माझं लोखंड दिसलं असतं.

मग अगेटच्या खलात पावडर परत घोटून, परत भरून, ८०० ते ३०० नॅनोमीटर स्कॅन घेतलं, एक एक नॅनोमीटरला. दोन्ही सॅम्पलच्या सीएसव्ही फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या आणि सीबीएसजवळ मिसळ खाऊन घरी.

आता गणित. रेफ्लेक्टन्सवरून शोषण काढायला जो फॉर्म्युला सगळे वापरतात तो कुबेल्का आणि मुंक या दोघांचा, १९३१ चा, आणि गंमत म्हणजे तो मुळात सेमीकंडक्टरसाठी नव्हताच, रंगाच्या थरांसाठी होता, म्हणजे भिंतीला पेंट लावल्यावर खालचं किती दिसतं वगैरे. तो असा:

```
F(R) = (1 - R)^2 / (2R)
```

यातून मिळतं शोषण भागिले विखुरणं, म्हणजे विखुरणं सगळ्या तरंगलांबींना साधारण सारखंच आहे असं मानलं तर F(R) हा शोषणाच्या जागी चालतो. मग त्यावर टाउक प्लॉट, १९६६ मध्ये टाउक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमॉर्फस जर्मेनियमसाठी वापरलेली रीत. F(R) ला फोटॉनच्या ऊर्जेने गुणायचं, इनडायरेक्ट गॅप असेल तर त्याचं वर्गमूळ, डायरेक्ट असेल तर वर्ग, आणि ते ऊर्जेविरुद्ध काढायचं. ग्राफमध्ये एक सरळ चढ दिसतो, त्या चढावर रेघ ठेवून खाली एक्स-अक्षापर्यंत वाढवायची, जिथे टेकेल तो बँड गॅप. टिटॅनियाचं ॲनाटेस नावाचं स्फटिकरूप इनडायरेक्ट मानतात, म्हणून माझ्यासाठी वर्गमूळ.

रात्री एक्सेल उघडून बसले. पहिला कॉलम तरंगलांबी, दुसरा रेफ्लेक्टन्स, आणि फॉर्म्युले भरले, ग्राफ काढला, आणि ग्राफ उलटा. म्हणजे जिथे चढ पाहिजे तिथे उतार. डावीकडे, कमी ऊर्जेला, रेघ उंच आणि उजवीकडे यूव्हीकडे खाली. मला वाटलं एक्स-अक्ष उलटा झाला, तो नव्हता. मग वाटलं फाइल उलटी सॉर्ट झाली, तीही नव्हती. अर्धा तास गेला. कारण एकदम पोरकट होतं: मशीन रेफ्लेक्टन्स टक्क्यांत देतं, ७०, १७.५ असं, आणि फॉर्म्युल्याला पाहिजे ०.७०, ०.१७५. मी ७० तसाच घातला तर (१ वजा ७०) चा वर्ग भागिले १४० म्हणजे ३४, आणि खरं उत्तर आहे ०.०६४. यात धोका असा की एक्सेल एरर देत नाही, आकडे सगळे पॉझिटिव्ह आणि सभ्य दिसतात. माझ्या पिवळ्या पावडरला टक्क्यांच्या चुकीने ५०० नॅनोमीटरला वर्गमुळाचा आकडा ९.२ आला आणि ३६० ला ५.२, म्हणजे जिथे पावडर सगळ्यात जास्त शोषते तिथेच कमी. एवढं दिसलं की समजायचं शंभरने भागायचं राहिलं. अजून एक मजा, आकडा बरोबर १० टक्के असला तर चूक आणि बरोबर दोन्हीकडून ४.०५ च येतो, कारण R च्या जागी १/R घातलं तरी हा फॉर्म्युला तोच आकडा देतो आणि १० हे ०.१ चं नेमकं उलटं. म्हणजे नेमक्या त्याच एका ओळीवर पडताळणी केली असती तर मी आयुष्यभर चुकीचं धरून बसले असते.

दुरुस्त केल्यावर कॉलम असे झाले:

```
C2:  =1239.84/A2
D2:  =(1-B2/100)^2/(2*B2/100)
E2:  =SQRT(C2*D2)
```

A मध्ये नॅनोमीटर, B मध्ये टक्के रेफ्लेक्टन्स, C मध्ये ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, D मध्ये F(R), E मध्ये काढायची गोष्ट. आता ग्राफ सुलटा आला, पायथा आणि मग चढ, अगदी पुस्तकासारखा. पिवळ्या पावडरच्या चढावरचे तीन पॉइंट देते म्हणजे कोणाला स्वतः करून बघता येईल. ३८० नॅनोमीटरला (३.२६३ ईव्ही) रेफ्लेक्टन्स ३१ टक्के, त्यातून E कॉलम १.५८३. ३७० ला (३.३५१ ईव्ही) २३ टक्के, E आला २.०७८. ३६० ला (३.४४४ ईव्ही) १७.५ टक्के, E आला २.५८८. तिन्ही जवळजवळ एका रेषेत, चढ साधारण ५.५५ प्रति ईव्ही. ३.२६३ मधून १.५८३ भागिले ५.५५, म्हणजे ०.२८५ वजा केले की २.९८.

२.९८ ईव्ही! माझी पांढरी पावडर त्याच रीतीने ३.१९ देत होती, पुस्तकात ॲनाटेसचा ३.२ च्या आसपास. म्हणजे लोखंडाने बँड गॅप ०.२१ ने उतरवला. २.९८ म्हणजे ४१६ नॅनोमीटर, सरळ दिसणाऱ्या उजेडात. मी त्याच रात्री पोस्टरचं टायटल लिहून टाकलं, "दृश्य प्रकाशात चालणारा फोटोकॅटॅलिस्ट" असं काहीतरी, फाँटसुद्धा निवडला. ग्रुपवर ग्राफ टाकला, तीन थम्सअप आले.

दुसऱ्या दिवशी आमच्या सिनियर ताईने ग्राफ बघितला. ती पीएचडी करते, कमी बोलते. तिने पेन्सिलने माझी रेघ जिथे एक्स-अक्षाला टेकली होती तिथे टोक ठेवलं आणि विचारलं, "इथे तुझा डेटा कुठे आहे?"

मी बघितलं. २.९८ ला माझी रेघ शून्यावर होती, पण डेटा शून्यावर नव्हता. डेटा तिथे जवळजवळ ०.७ वर होता. पांढऱ्या पावडरचा पायथा एक्स-अक्षाला चिकटून चालला होता, ५०० नॅनोमीटरला ०.०४५, आणि पिवळीचा तिथेच ०.४०, आणि तोही आडवा नाही, हळूहळू चढणारा. ४५० ला ०.५७, ४२० ला ०.६९. म्हणजे माझी रेघ शून्याला जाऊन टेकली खरी, पण माझी पावडर शून्यावर कधी गेलीच नव्हती, तो शून्य मी ग्राफ पेपरकडून घेतलेला.

"रेघ एक्स-अक्षापर्यंत का नेतो आपण?" ताई म्हणाली. मी म्हटलं रीत आहे. ती म्हणाली, "रीत नाही, त्यामागे एक धरून चाललेलं आहे, की गॅपच्या खाली पावडर काहीच शोषत नाही. तुझी शोषते. डोळ्यांनी दिसतंय, पिवळी आहे."

मग कळलं की एक्स-अक्ष ही फक्त एक बेसलाइन आहे, आणि शुद्ध पांढऱ्या पावडरला ती चालते कारण तिचा पायथा खरोखर शून्याजवळ असतो. लोखंड घातल्यावर टिटॅनियाच्या गॅपच्या आत लोखंडाच्या पातळ्या येतात, त्यांच्यावरून इलेक्ट्रॉन वर जातात, त्याला कमी ऊर्जा पुरते, म्हणून ४०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात एक शेपटी येते. ही शेपटी म्हणजे टिटॅनियाचा गॅप नव्हे, ती लोखंडाची. आणि ती मुख्य चढाच्या खाली पण चालू असतेच, म्हणजे चढ शेपटीच्या वर उभा आहे, जमिनीवर नाही. ओट्यावर उभं राहून उंची मोजली आणि ओटा वजा केला नाही असं.

उपाय सोपा आहे, फक्त एक रेघ जास्त. शेपटीचा जो सरळ भाग आहे, माझ्यात ५०० ते ४२० नॅनोमीटर, त्यावरून दुसरी रेघ काढायची आणि उजवीकडे वाढवायची. जिथे ही रेघ आणि चढाची रेघ एकमेकींना छेदतात, त्या जागेची ऊर्जा वाचायची. शून्य बघायचाच नाही. २०१८ मध्ये पोलंडच्या तीन संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं होतं, की सुधारित फोटोकॅटॅलिस्टवर लोक एक्स-अक्षाचा छेद घेतात आणि गॅप कमी दाखवतात. ताईकडे ते प्रिंट होतं, कडा दुमडलेल्या.

माझे आकडे घालून बघू. पायथ्याची रेघ: ५०० नॅनोमीटर म्हणजे २.४८० ईव्हीला ०.३९९, आणि चढ साधारण ०.६१ प्रति ईव्ही. ही रेघ ३.२६३ पर्यंत नेली तर तिथे ०.८७७ येते. त्याच जागी चढाची रेघ १.५८३ वर आहे, म्हणजे अंतर ०.७०६. दोघींच्या चढांतला फरक ५.५५ वजा ०.६१ म्हणजे ४.९४. भागाकार ०.१४३. ३.२६३ मधून ०.१४३ गेले, उरले ३.१२.

तोच डेटा, तीच फाइल, तीच चढाची रेघ, आणि २.९८ चा ३.१२ झाला. पांढऱ्या पावडरवर हीच दुसरी रेघ काढली तर ३.१९ चा ३.२० झाला, म्हणजे तिथे फरक जवळजवळ नाहीच, आणि हेच सगळ्यात पटणारं वाटलं मला. लोखंडामुळे ०.२१ नाही, ०.०८ चा फरक आला. पोस्टरचं टायटल गेलं. मला खरंच रडू आलं होतं थोडं, आता हसायला येतं.

मग मी हट्टाने विचारलं की बाकीचे सगळे झिंक ऑक्साइडवाले एक्स-अक्षावरच वाचतात, त्यांचं बरोबर येतं, मग माझंच का? आमच्या बॅचमधल्या एका मित्राने झिंक ऑक्साइडमध्ये लोखंड घातलं होतं, त्याचीही पावडर पिवळसर, आणि त्याला दोन्ही रीतींनी जवळजवळ सारखाच आकडा येत होता. याचं उत्तर मला दोन दिवसांनी आकड्यांशी खेळताना मिळालं आणि मला वाटतं या सगळ्यात हीच गोष्ट कोणी नीट सांगत नाही.

झिंक ऑक्साइड डायरेक्ट, म्हणजे वर्ग करायचा. टिटॅनिया इनडायरेक्ट, म्हणजे वर्गमूळ. आता माझ्या पावडरचे वर्गमूळ घ्यायच्या आधीचे आकडे घ्या, F(R) गुणिले ऊर्जा. ४५० नॅनोमीटरला, शेपटीत, ०.३२. ३६० ला, चढाच्या वर, ६.७०. म्हणजे शेपटी चढाच्या ५ टक्क्यांच्याही आत, अगदी किरकोळ. आता वर्गमूळ घेतलं की ०.५७ आणि २.५९, शेपटी एकदम २२ टक्के झाली. आणि वर्ग केला तर ०.१० आणि ४४.९, म्हणजे पाव टक्क्यापेक्षाही कमी, ग्राफवर दिसणारसुद्धा नाही. वर्ग लहान आकड्यांना चिरडून टाकतो आणि वर्गमूळ त्यांना फुगवतं. मित्राच्या पावडरमध्ये शेपटी होतीच, फक्त वर्गाने ती दाबून टाकली होती. माझ्यात वर्गमुळाने तीच शेपटी डोक्यावर घेऊन नाचवली. म्हणून रंगीत पावडर आणि इनडायरेक्ट गॅप ही जोडी आली की एक्स-अक्षावर वाचणं सगळ्यात जास्त फसवतं.

यावरून काही लोक म्हणतात मग सगळ्यांचं वर्ग करूनच काढा, शेपटी जाईल. मी केलं तेही. माझ्या त्याच पॉइंटवर, ३७० ते ३६०, वर्ग करून रेघ टाकली तर ३.२८ आलं. म्हणजे एकाच बाटलीतल्या पावडरचे २.९८, ३.१२ आणि ३.२८ असे तीन बँड गॅप माझ्या वहीत एका पानावर होते आणि त्यातला कुठला "छान" दिसतो त्यावरून निवडायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण वर्ग की वर्गमूळ हे ग्राफ किती सरळ दिसतो यावरून ठरवायची गोष्ट नाही, कारण थोडासा भाग घेतला तर दोन्ही सरळच दिसतात. ते पदार्थावरून आधी माहीत असायला लागतं. ॲनाटेससाठी इनडायरेक्ट धरतात, आणि माझी पावडर ॲनाटेसच आहे का हे एक्सआरडीवरून, म्हणजे एक्स-रेने स्फटिकरचना बघायच्या चाचणीवरून, बघायचं. हे महत्त्वाचं होतं कारण टिटॅनियाचं दुसरं स्फटिकरूप रुटाइल, त्याचा गॅप ३.० च्या आसपास असतो, आणि लोखंड टिटॅनियाला रुटाइलकडे लवकर ढकलतं, म्हणजे गॅप खरंच उतरला असेल तरी तो लोखंडाच्या पातळ्यांमुळे नाही तर अर्धी पावडर रुटाइल झाली म्हणून, असंही होऊ शकतं. माझ्या एक्सआरडीत २५.३ डिग्रीला ॲनाटेसचा पीक होता आणि २७.४ ला, जिथे रुटाइल दिसायला हवा, तिथे काही नव्हतं. मफल फर्नेस ४५० वरच ठेवली म्हणून वाचले, मी ६०० करणार होते.

पुढचा प्रश्न चढावर रेघ कुठून कुठपर्यंत टाकायची. सुरुवातीला मी डोळ्यांनी ठेवत होते, माउसने. मग बघितलं की ३८५ ते ३७० घेतलं की एक आकडा, ३७५ ते ३५५ घेतलं की दुसरा, ०.०३ इकडे तिकडे. मग डोळे बाजूला ठेवून E कॉलमचा उतार काढला, प्रत्येक पॉइंटला शेजारच्या दोन पॉइंटवरून, आणि जिथे हा उतार जवळपास स्थिर राहतो तेवढाच पट्टा घेतला, माझ्यात ३८० ते ३६०. त्याच्या खाली उतार वाढत जात होता म्हणजे अजून शेपटीतून बाहेर पडतोय, आणि वर तो कमी होत होता म्हणजे ग्राफ वाकतोय. पट्ट्याची रेघ एक्सेलच्या SLOPE आणि INTERCEPT ने काढली, पायथ्याचीही तशीच, आणि छेद:

```
=(b2-b1)/(m1-m2)
```

m1, b1 चढाच्या रेघेचे, m2, b2 पायथ्याचे. हे प्रत्यक्ष सेलचे पत्ते घालून टाकायचं, नावं मी समजायला दिलीत.

३४० नॅनोमीटरला माझ्या डेटात एक छोटी पायरी होती, दोन्ही सॅम्पलमध्ये नेमकी त्याच जागी. आधी वाटलं लोखंडाचं काहीतरी. पण पांढऱ्यातही होती, म्हणजे पावडरचा संबंध नाही. काकांना विचारलं तर म्हणाले तिथे मशीन दिवा बदलतं, दृश्य प्रकाशाचा दिवा जाऊन यूव्हीचा येतो, बेसलाइन जुनी असली की ती पायरी दिसते. माझा पट्टा ३६० लाच संपत होता म्हणून सुटले, पण ज्यांचा चढ तिथेच येतो त्यांनी ही पायरी रेघेत धरली की संपलंच. दोन वेगळ्या सॅम्पलमध्ये एकाच नॅनोमीटरला काही दिसलं की आधी मशीनवर संशय घ्यायचा, हे काकांनी शिकवलं, प्रोजेक्टच्या आभारात त्यांचं नाव पहिलं टाकलं मी.

एक शंका मला रात्रभर छळत होती, की तीनदा पावडर भरली तर रेफ्लेक्टन्स दर वेळी दोन-तीन टक्के वेगळा येतो, जास्त दाबली की बदलतो, मग या आकड्याला अर्थ काय. करून बघितलं, तीनदा भरून तीन स्कॅन. रेघांची उंची वेगळी, पण छेद तिन्हींत ०.०१ च्या आत. कारण कळल्यावर बरं वाटलं: घट्ट-सैल भरण्याने सगळा ग्राफ साधारण एकाच पटीने वर-खाली होतो, आणि दोन्ही रेघा एकाच पटीने ताणल्या तर त्यांचा छेद जागचा हलत नाही. म्हणूनच वाय-अक्षाला एककाची एवढी फिकीर नसते. पण याचाच उलटा अर्थ असा की दोन पावडरींच्या ग्राफची उंची बघून "ही जास्त शोषते" असं म्हणणं धोक्याचं, ते पोस्टरमध्ये मी लिहिलेलं दुसरं वाक्यही खोडलं.

शेवटी टेबलमध्ये मी पांढरीसाठी ३.२० आणि पिवळीसाठी ३.१२ लिहिलं, दोन्हीपुढे ±०.०३, आणि खाली एक ओळ, की इनडायरेक्ट धरून, ३८० ते ३६० चा पट्टा, पायथा ५०० ते ४२०, दोन रेघांचा छेद. एक्सेल तर ३.१२०४ वगैरे दाखवत होतं. पट्टा जरा सरकवला की दुसरा दशांश हलतो, तिथे चौथा कोणाला दाखवायचा. आणि फरक ०.०८, चूक ०.०३ दोन्हीकडे, म्हणजे गॅप थोडा उतरलाय असं म्हणता येतं, पण फार छाती फुगवून नाही.

व्हायवाला बाहेरून आलेले सर माझ्या दोन बाटल्या हातात घेऊन खिडकीकडे गेले. उजेडात धरून म्हणाले, "३.१२ म्हणजे ३९७ नॅनोमीटर. दिसणाऱ्या उजेडातलं ही जवळजवळ काहीच खात नाही मग. तरी पिवळी कशी?" पोटात गोळा आला पण हा प्रश्न मला ताईच्या पेन्सिलीने आधीच विचारलेला होता. मी म्हटलं सर, पिवळी आहे ती शेपटीमुळे, निळा-जांभळा उजेड लोखंडाच्या पातळ्या थोडा थोडा खातात, ४५० ला रेफ्लेक्टन्स ६२ च टक्के आहे, आणि गॅपचा आकडा त्या शेपटीचा नाही, तिच्या वर जो मोठा चढ आहे त्याचा आहे. एक्स-अक्षापर्यंत रेघ नेली असती तर २.९८ आला असता आणि रंगाशी जुळलाही असता, पण तो दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाला असता.

त्यांनी ग्राफवरच्या दोन रेघा बोटाने जुळवून बघितल्या, "हं" म्हणाले, बाटली परत ठेवली आणि एक्सआरडीचं पान उघडून २७.४ डिग्री शोधायला लागले.